आजारपणामुळे किंवा घरच्यांच्या देखभालीमुळे करिअरमध्ये गॅप पडला, तर प्रोफाइलवर तो कसा लिहायचा?

नोकरीच्या अर्जात एक रकाना असतो: सध्याची कंपनी. दोन वर्षं वडिलांच्या उशाशी बसलेल्या किंवा स्वतःच उपचार घेत असलेल्या माणसाचा हात तिथेच थांबतो. रिकामा ठेवावा, की जुन्याच कंपनीचं नाव टाकून तारीख थोडी पुढे सरकवावी? की ओळखीच्या कुणाच्या फर्मचं नाव द्यावं?

घरातल्या माणसांची काळजी घेण्याचं काम बहुतेक वेळा बायकांच्या वाट्याला येतं. केंद्र सरकारच्या २०२४च्या वेळ वापर सर्वेक्षणानुसार १५ ते ५९ वयोगटातल्या ४१ टक्के स्त्रिया घरातल्या व्यक्तींची देखभाल करतात. याच वयोगटातल्या पुरुषांमध्ये हे प्रमाण २१.४ टक्के आहे. पण नोकरी सोडून आई-वडिलांकडे बघणारे पुरुषही आहेत आणि आजार तर कुणालाही गाठतो. अशा वेळी पडलेला गॅप खोटं न बोलता, पण गरजेपेक्षा जास्तही न सांगता कसा मांडायचा?

कंपनीला गॅपमध्ये नेमकं काय खुपतं?

अनेकांना वाटतं, मधली वर्षं रिकामी दिसली म्हणून नकार येतो. गोष्ट इतकी सरळ नाही.

अमेरिकेतल्या समाजशास्त्रज्ञ केट वाइसहार यांचं एक संशोधन २०१८ साली ‘अमेरिकन सोशिऑलॉजिकल रिव्ह्यू’ या नियतकालिकात प्रसिद्ध झालं. त्यांनी बनावट बायोडेटा तयार करून खऱ्या नोकऱ्यांसाठी पाठवले. शिक्षण आणि अनुभव सारखाच, फरक फक्त सध्याच्या स्थितीत. सलग नोकरीत असलेल्या आईच्या बायोडेटाला शंभरात साधारण १५ वेळा फोन आला. नोकरी गेल्यामुळे घरी असलेल्या आईला जवळपास १०. आणि मुलांसाठी स्वतःहून नोकरी सोडलेल्या आईला फक्त ५. वडिलांच्या बाबतीतही आकडे जवळपास असेच होते.

म्हणजे गॅप दोघींचाही होता, पण घरासाठी नोकरी सोडलेल्या उमेदवाराला निम्मेच फोन आले. असं का? त्याच संशोधनातल्या दुसऱ्या भागात दिसलं, की अशा उमेदवाराची कामावरची निष्ठा कमी असेल असं लोकांना वाटतं. हा परत कधीतरी सोडून जाईल, ही ती शंका.

हे आकडे अमेरिकेतले आहेत आणि मुलांच्या संगोपनाबद्दलचे आहेत. ते भारताला जसेच्या तसे लागू करता येणार नाहीत. पण त्यातून एक कामाची गोष्ट कळते. कारण कितीही चांगलं असलं, तरी नुसतं कारण सांगून भागत नाही. वाचणाऱ्याच्या मनात तीन प्रश्न असतात: तारखा खऱ्या आहेत का? ती परिस्थिती आता संपली आहे का, किंवा तिची सोय लागली आहे का? आणि काम अजून येतं का?

प्रोफाइलवर या तिन्ही प्रश्नांची उत्तरं असायला हवीत. बाकीचं सगळं वगळलं तरी चालतं.

तारखा थोड्या पुढे-मागे केल्या तर काय होतं?

पहिल्या प्रश्नाचं उत्तर आता उमेदवाराच्या हातात फारसं उरलेलं नाही. ज्यांचा पीएफ कापला जातो, त्यांच्याकडे यूएएन म्हणजे बारा आकडी खाते क्रमांक असतो. नोकरी बदलली तरी हा क्रमांक तोच राहतो. ईपीएफओच्या सदस्य पोर्टलवर `View` या मेन्यूत `Service History` उघडलं, की कोणत्या कंपनीत कधी रुजू झालो आणि कधी बाहेर पडलो, याची यादी दिसते. अनेक कंपन्या पार्श्वभूमी पडताळणीच्या वेळी उमेदवाराकडून हीच यादी मागतात. प्रोफाइलवर ऑगस्ट आणि पीएफच्या नोंदीत एप्रिल, असा चार महिन्यांचा फरक निघाला, तर प्रश्न गॅपचा राहत नाही. तो खोटेपणाचा होतो. हातात आलेलं ऑफर लेटरही त्यावरून रद्द होऊ शकतं.

ओळखीच्या माणसाच्या फर्मचं अनुभवपत्र घेणं हा दुसरा नेहमीचा मार्ग. पडताळणी करणारी एजन्सी अशा वेळी पगाराच्या स्लिपा, बँकेचं स्टेटमेंट किंवा फॉर्म १६ मागते. काम झालंच नसेल, तर यातलं काहीच दाखवता येत नाही.

उलटही घडतं. उमेदवार खरं बोलत असतो आणि नोंद चुकीची असते. जुन्या कंपनीने नोकरी सोडल्याची तारीख भरलेलीच नसते. त्यामुळे दोन वर्षं घरी असलेला माणूस नोंदीत अजून नोकरीतच दिसतो. नवीन कंपनीला मग शंका येते, की हा एकाच वेळी दोन ठिकाणी काम करणार की काय. २०२०पासून सदस्याला ही तारीख स्वतः भरता येते. पोर्टलवर `Manage` मध्ये `Mark Exit` हा पर्याय आहे. नोकरी सोडून दोन महिने झाले, की तो वापरता येतो. त्यासाठी आधारशी जोडलेल्या मोबाइलवर ओटीपी येतो. इथे भरलेली तारीख नंतर सहज बदलता येत नाही, म्हणून राजीनामा स्वीकारल्याचं पत्र समोर ठेवूनच ती भरावी.

म्हणून प्रोफाइलला हात लावण्याआधी हे काम करावं. पीएफची नोंद, रिलीव्हिंग लेटर आणि बायोडेटा या तिन्ही ठिकाणी महिना आणि वर्ष एकच असायला हवं. छोट्या संस्थांमध्ये पीएफ नसतो. तिथे रिलीव्हिंग लेटर आणि शेवटच्या पगाराची स्लिप हाच पुरावा असतो.

एक उदाहरण: नाशिकची अकाउंट्स एक्झिक्युटिव्ह

पुढचा भाग समजायला सोपा जावा म्हणून एक काल्पनिक उमेदवार घेऊ. बी. कॉम. झालेली, नाशिकमधल्या दोन कंपन्यांमध्ये मिळून सात वर्षं अकाउंट्सचं काम केलेली. एप्रिल २०२२मध्ये वडिलांना अर्धांगवायूचा झटका आला. भाऊ दुसऱ्या शहरात, आईचे गुडघे दुखतात. तिने नोकरी सोडली. मे २०२२ ते ऑगस्ट २०२४, म्हणजे दोन वर्षं चार महिने ती घरी होती. आता वडील वॉकर धरून चालतात आणि दिवसा एक केअरटेकर येतो. जानेवारी २०२४पासून तिने ओळखीच्या तीन दुकानांची जीएसटी विवरणपत्रं भरून द्यायला सुरुवात केली होती.

प्रोफाइलसाठी तिने केलेला पहिला मसुदा असा होता:

“एप्रिल २०२२मध्ये आमच्या कुटुंबावर मोठं संकट कोसळलं. माझ्या वडिलांना अचानक अर्धांगवायूचा झटका आला. घरात दुसरं कुणी करणारं नसल्यामुळे मला नाइलाजाने नोकरी सोडावी लागली. त्यांची फिजिओथेरपी, औषधं, पथ्यपाणी, रात्रीची जागरणं हे सगळं मी एकटीने केलं. या काळात मी संयम आणि वेळेचं नियोजन शिकले. एक संधी मिळाल्यास मी स्वतःला सिद्ध करून दाखवेन.”

यात एकही वाक्य खोटं नाही. तरीही हा मसुदा तिच्या विरोधात जातो. वाचणाऱ्याच्या तीन प्रश्नांपैकी दोनांची उत्तरं यात नाहीत. वडील आता कसे आहेत, ती पूर्णवेळ येऊ शकते का, हे कुठेच लिहिलेलं नाही. उलट ‘घरात दुसरं कुणी करणारं नाही’ या वाक्याने परत सोडून जाण्याची शंका पक्की होते. ‘नाइलाजाने’ आणि ‘एक संधी मिळाल्यास’ या शब्दांमुळे सात वर्षांचा अनुभव असलेली बाई विनवणी करते आहे असं वाटतं. संयम शिकल्याचं वाक्य कुणीही लिहू शकतं, त्यामुळे त्याला वजन नाही.

आणखी एक गोष्ट सहज लक्षात येत नाही. अर्धांगवायू वडिलांना झाला आहे. प्रोफाइल सार्वजनिक असतं, ते नातेवाईक, शेजारी, भावाच्या ऑफिसमधले लोक असे कुणीही वाचू शकतात. दुसऱ्याच्या आजाराचं नाव तिथे लिहिण्याआधी त्या माणसाला विचारायला हवं. मानसिक आजार किंवा कॅन्सर असेल तर जास्तच. नोकरी मिळवण्यासाठी या नावाची गरजही नसते. ‘दीर्घ आजारपण’ एवढं पुरतं.

दुसऱ्या मसुद्यात तिने कुणाच्या तरी सल्ल्याने पदाच्या जागी ‘होम मॅनेजर’ असं लिहिलं आणि खाली बजेट आखणं, औषधांचा साठा ठेवणं, केअरटेकरवर देखरेख करणं अशी कामाची यादी दिली. हेतू चांगला होता, पण अकाउंट्सच्या जागेसाठी शेकडो प्रोफाइल चाळणाऱ्या माणसाला हे पद कळत नाही. त्याला वाटतं, काहीतरी झाकलं जातंय. सुट्टीला सुट्टी म्हटल्याने जेवढं नुकसान होतं, त्यापेक्षा ती नोकरीसारखी सजवल्याने जास्त होतं.

तिसरा मसुदा असा झाला:

“वडिलांच्या दीर्घ आजारपणात त्यांची देखभाल करण्यासाठी मे २०२२ ते ऑगस्ट २०२४ करिअर ब्रेक घेतला. आता घरी कायमची व्यवस्था झाली असून सप्टेंबर २०२४पासून पूर्णवेळ कामासाठी उपलब्ध आहे. ब्रेकच्या शेवटच्या आठ महिन्यांत तीन दुकानांची जीएसटी विवरणपत्रं भरण्याचं काम अर्धवेळ केलं.”

तीन वाक्यं, तीन प्रश्नांची उत्तरं. पहिल्यात तारखा आणि कारण, दुसऱ्यात ते कारण संपल्याची ग्वाही, तिसऱ्यात काम विसरलेलं नसल्याचा पुरावा. प्रोफाइल इंग्रजीत असेल तर याच क्रमाने इंग्रजीत लिहिता येतं. वाक्यं छोटी असल्यामुळे भाषांतरात अडचण येत नाही.

मधलं वाक्य मात्र खरं असेल तरच लिहावं. केअरटेकर अजून ठरलेला नसेल, तर ‘कायमची व्यवस्था झाली’ असं लिहून रुजू व्हायचं आणि महिन्याभरात रजा मागायची, यात दोघांचंही नुकसान आहे. अशा वेळी ‘अर्धवेळ किंवा घरून करता येणाऱ्या कामासाठी उपलब्ध’ असं लिहिलेलं बरं. फोन कमी येतील, पण जे येतील ते त्याच अटींवर येतील.

लिंक्डइनवर हे कुठे लिहायचं?

लिंक्डइनने मार्च २०२२मध्ये करिअर ब्रेकसाठी वेगळी सोय आणली. आपल्या प्रोफाइलवर `Add profile section` दाबायचं, त्यात `Core` उघडायचं आणि `Add career break` निवडायचं. मग ब्रेकचा प्रकार विचारला जातो. घरच्यांच्या देखभालीसाठी `Caregiving`, मुलांच्या संगोपनासाठी `Full-time parenting` आणि स्वतःच्या आजारासाठी `Health and well-being` हे पर्याय आहेत. त्यानंतर सुरुवातीचा आणि शेवटचा महिना भरायचा. वर दिलेली तीन वाक्यं वर्णनाच्या चौकटीत जातात.

ही नोंद अनुभवाच्या यादीत, नोकऱ्यांच्याच रांगेत दिसते. सेव्ह करण्याआधी नेटवर्कला कळवण्याचं बटण बंद आहे ना, ते पाहावं. नाहीतर ब्रेकची बातमी सगळ्या जुन्या सहकाऱ्यांच्या फीडमध्ये जाऊ शकते.

नाशिकच्या उमेदवाराने तीन दुकानांचं काम वेगळी नोंद करून लिहिलं: स्वतंत्र अकाउंटंट, अर्धवेळ, जानेवारी ते ऑगस्ट २०२४. या तारखा ब्रेकच्या तारखांवर चढतात. त्याने बिघडत नाही, कारण दोन्ही गोष्टी खरोखर एकाच वेळी चालू होत्या. महत्त्वाचा आहे तो ‘अर्धवेळ’ हा शब्द. तो काढला, की वाचणाऱ्याला ती पूर्णवेळ नोकरी वाटते आणि मुलाखतीत खुलासा करावा लागतो. दुकानदारांनी पैसे यूपीआयने किंवा बँकेत दिले असतील, तर ते स्टेटमेंट जपून ठेवावं. कुणी विचारलं तर तोच पुरावा.

नावाखालच्या ओळीत मात्र ब्रेकचा उल्लेख नको. ती ओळ सर्वांत आधी वाचली जाते, म्हणून तिथे कामच दिसायला हवं: ‘अकाउंट्स एक्झिक्युटिव्ह, ७ वर्षांचा अनुभव, जीएसटी आणि टीडीएस’. यालाही संशोधनाचा थोडा आधार आहे. ब्रिटनमध्ये ९ हजारांहून जास्त अर्ज पाठवून केलेला एक प्रयोग २०२२मध्ये ‘नेचर ह्युमन बिहेवियर’मध्ये प्रसिद्ध झाला. नोकरीसमोर तारखांऐवजी किती वर्षं काम केलं ते लिहिलं, तर तारखांमधून गॅप दिसणाऱ्या बायोडेटापेक्षा साधारण १५ टक्के जास्त फोन आले. वाचणाऱ्याची नजर रिकाम्या जागेऐवजी अनुभवावर गेली, असा याचा अर्थ.

भारतात तारखा पूर्ण गाळून चालत नाही, कारण बहुतेक अर्जांत त्या सक्तीने भराव्या लागतात. पण दोन्ही गोष्टी एकत्र करता येतात. प्रत्येक नोकरीसमोर आधी ‘४ वर्षं’ किंवा ‘३ वर्षं’ असं लिहायचं आणि बाजूला लहान अक्षरांत तारखा द्यायच्या. काहीच लपत नाही, फक्त आधी अनुभव दिसतो.

काम अजून येतं, हे कसं दाखवायचं?

तिसरा प्रश्न प्रत्येक क्षेत्रात वेगळा असतो. त्यासाठी एक सोपा अभ्यास आहे. ज्या महिन्यात नोकरी सोडली तिथपासून आजपर्यंत आपल्या कामात काय बदललं, याची यादी करायची.

नाशिकच्या उमेदवाराच्या यादीत तीन गोष्टी निघाल्या. तिने नोकरी सोडली तेव्हा वार्षिक उलाढाल २० कोटींच्या वर असलेल्या व्यवसायांनाच ई-इनव्हॉइस काढावं लागायचं. १ ऑक्टोबर २०२२पासून ही मर्यादा १० कोटींवर आली आणि १ ऑगस्ट २०२३पासून ५ कोटींवर. म्हणजे तिच्या जुन्या कंपनीएवढ्या लहान कंपन्याही आता यात येतात. दुसरी गोष्ट, २०२३-२४पासून पगारदारांसाठी नवीन करप्रणाली आपोआप लागू होते. जुनी हवी असेल तर तसं सांगावं लागतं आणि पगारावरचा टीडीएस त्यानुसार कापावा लागतो. तिसरी, त्याच वर्षापासून सूक्ष्म आणि लघु उद्योगांची बिलं ठरलेल्या मुदतीत, जास्तीत जास्त ४५ दिवसांत, चुकती केली नाहीत, तर तो खर्च ज्या वर्षी प्रत्यक्ष पैसे दिले त्याच वर्षी करात वजा मिळतो.

यातलं ई-इनव्हॉइस तिने सरावाच्या पोर्टलवर स्वतः काढून पाहिलं आणि प्रोफाइलवर ‘ई-इनव्हॉइसच्या सध्याच्या नियमांची माहिती आणि सराव’ अशी ओळ लिहिली. ‘सराव’ हा शब्द मुद्दाम आहे. कंपनीसाठी तिने ते अजून केलेलं नाही आणि तसा दावाही केलेला नाही. मुलाखतीत यावर पुढचा प्रश्न आला, तर तिच्याकडे उत्तर आहे. दहा ऑनलाइन कोर्सची प्रमाणपत्रं लावण्यापेक्षा अशी एक ओळ जास्त उपयोगी पडते, कारण समोरचा माणूसही याच नियमांशी रोज झगडत असतो.

नर्स, शिक्षक, प्रोग्रॅमर, प्रत्येकाची यादी वेगळी निघेल. पण यादी करताना एकही बदल आठवला नाही, तर अर्ज करण्याआधी जुन्या सहकाऱ्याला फोन करायची वेळ झाली आहे, असं समजावं.

आजार स्वतःचाच असेल तर?

इथे आणखी एक निर्णय घ्यावा लागतो: आजाराचं नाव सांगायचं का?

प्रोफाइलवर ते लिहिण्याची गरज जवळजवळ कधीच नसते. ‘वैद्यकीय कारणासाठी ब्रेक. उपचार पूर्ण झाले असून जूनपासून पूर्णवेळ कामासाठी उपलब्ध’ हे पुरेसं आणि प्रामाणिक आहे. नाव न सांगणं आणि खोटं सांगणं यांत फरक आहे. ‘प्रवासासाठी ब्रेक’ असं लिहिणं हे खोटं. ‘वैद्यकीय कारण’ लिहून पुढे न बोलणं हा उमेदवाराचा अधिकार. शिवाय प्रोफाइलवर एकदा टाकलेली माहिती कुणी वाचली आणि कुणी स्क्रीनशॉट घेतला, हे कळत नाही. नंतर ती पुसूनही परत घेता येत नाही.

आजार पूर्ण बरा होणारा नसेल, तर ‘उपचार पूर्ण’ लिहू नये. तिथे कामाच्या भाषेत बोलावं: ‘प्रकृती स्थिर आहे, पूर्णवेळ काम करू शकते, तीन महिन्यांतून एक दिवस तपासणीसाठी रजा लागेल.’ कंपनीला निदानापेक्षा हे जास्त कामाचं असतं. अर्थात हे प्रोफाइलवर लिहायचं नाही. ऑफरची बोलणी सुरू झाली की सांगायचं.

बऱ्याच कंपन्या ऑफरनंतर वैद्यकीय तपासणी करतात किंवा एक फॉर्म भरून घेतात. त्यात आजाराबद्दल थेट प्रश्न असेल, तर खोटं उत्तर देऊ नये. चुकीची माहिती दिली तर नोकरी जाऊ शकते, असं खाली सहसा छापलेलंच असतं. अशा वेळी उपचार करणाऱ्या डॉक्टरांचं फिटनेस सर्टिफिकेट सोबत जोडावं. एका आजाराबाबत कायद्याचं स्पष्ट संरक्षण आहे. एचआयव्ही आणि एड्ससंबंधीच्या २०१७च्या कायद्यानुसार नोकरी देण्यासाठी एचआयव्ही चाचणीची अट घालता येत नाही.

मुलाखतीत काय बोलायचं?

प्रोफाइलवर जे लिहिलं, तेच अर्ध्या मिनिटात सांगायचं आणि लगेच कामाकडे वळायचं. नाशिकच्या उमेदवाराचं उत्तर असं: “वडील आजारी होते, म्हणून मी दोन वर्षं चार महिने ब्रेक घेतला. आता दिवसा केअरटेकर असतो. जानेवारीपासून मी तीन दुकानांचं जीएसटीचं काम करतेय. तुमच्याकडे ई-इनव्हॉइस टॅलीतूनच काढता का?” शेवटच्या प्रश्नामुळे बोलणं कामावर येतं.

त्यानंतर हमखास येणारा प्रश्न म्हणजे ‘परत असं झालं तर?’ ‘नाही होणार’ हे उत्तर कुणालाच पटत नाही, कारण ते कुणाच्याच हातात नसतं. त्यापेक्षा सोय सांगावी: “केअरटेकर आला नाही तर आई आणि शेजारच्या काकू असतात. भाऊ दर महिन्याला येतो. अचानक काही झालंच, तर मला एक-दोन दिवसांची रजा लागेल, नोकरी सोडावी लागणार नाही.” हेही खरं असेल तरच.

प्रश्न आजाराच्या तपशिलात शिरू लागले, तर “तो घरचा विषय आहे, कामाच्या वेळेवर त्याचा परिणाम होणार नाही” असं शांतपणे म्हणता येतं. आवाज चढवायची गरज नाही आणि माफी मागायचीही नाही.

नेमकं कुठे अडतंय, हे कसं ओळखायचं?

नकार कोणत्या टप्प्यावर येतोय, त्यावरून दुरुस्ती कुठे हवी ते कळतं. अर्ज जातात पण फोनच येत नसेल, तर प्रोफाइलचा वरचा भाग तपासावा: नावाखालची ओळ आणि उपलब्धतेचं वाक्य. फोन येतात पण पहिल्या बोलण्यानंतर पुढे काही होत नसेल, तर तोंडी उत्तर लांबतंय किंवा तिथे व्यवस्थेची ग्वाही नाही. घरातल्या कुणासमोर ते मोबाइलवर रेकॉर्ड करून ऐकावं. एक मिनिटाच्या वर गेलं असेल तर कापावं. आणि ऑफर मिळूनही पडताळणीत अडकत असेल, तर तारखा पुन्हा जुळवाव्यात. `Mark Exit`ची नोंद राहून गेल्याचं बऱ्याचदा तिथेच लक्षात येतं.

सगळं नीट करूनही काही कंपन्या गॅप पाहून पुढे जातील. वर दिलेल्या अमेरिकेतल्या आकड्यांमध्ये तेच दिसतं आणि उमेदवाराच्या लिहिण्याने ते पूर्ण बदलत नाही. म्हणूनच नेहमीच्या अर्जांबरोबर दोन ठिकाणी प्रयत्न करावेत. एक म्हणजे जुने वरिष्ठ आणि सहकारी, ज्यांनी काम प्रत्यक्ष पाहिलेलं आहे. दुसरं म्हणजे ब्रेकनंतर परतणाऱ्यांसाठी कंपन्यांनी मुद्दाम सुरू केलेले उपक्रम. टाटा समूहाने स्त्रियांसाठी असा ‘सेकंड करिअर’ उपक्रम २००८मध्येच सुरू केला होता आणि त्यानंतर इतर मोठ्या कंपन्यांनीही तशा योजना आणल्या. तिथे गॅप हीच अर्जाची अट असते, त्यामुळे त्याचा खुलासा करण्यात मुलाखतीचा वेळ जात नाही.

तोवर सध्याच्या कंपनीचा रकाना रिकामा ठेवायला हरकत नाही. नाशिकच्या उमेदवाराने तिथे ‘करिअर ब्रेक, मे २०२२ ते ऑगस्ट २०२४’ असं लिहिलं. पीएफच्या नोंदीतही एप्रिल २०२२ हीच शेवटची तारीख आहे.